‘हॅड’ची हौस आणि दोन मिनिटांची गोष्ट

‘आय हॅड गॉन टू पुणे लास्ट इयर.’ आयएलटीएसच्या तोंडी परीक्षेला बसलेला मराठी उमेदवार आठवणीतला प्रसंग सांगायला लागला की पहिलं वाक्य बहुधा असंच येतं. ऐकायला त्यात काही खटकत नाही, कारण ते आपल्याच बोलण्यातून आलेलं असतं. ‘मी गेल्या वर्षी पुण्याला गेलो होतो’ हे मराठीत अगदी चोख आहे. जाऊन परत आलो, प्रकरण संपलं, एवढं त्या ‘होतो’त बसतं. इंग्रजीत मात्र ‘हॅड’ लावला की ऐकणारा पुढच्या गोष्टीची वाट बघत बसतो: गेला होता, मग त्यानंतर काय झालं? पुढे दुसरी घटना आलीच नाही, तर तो ‘हॅड’ अधांतरी राहतो. संपलेल्या गोष्टीसाठी इंग्रजीला साधा ‘वेंट’ पुरतो.

हा घोळ सगळ्यात जास्त उघडा पडतो तो परीक्षेच्या दुसऱ्या भागात. पूर्ण तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची. मधल्या भागात परीक्षक एक कार्ड हातात देतो, सोबत कागद आणि पेन्सिल. तयारीला एक मिनिट, मग एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं. कार्डावर विषय असतो आणि खाली तीन-चार सूचना: कधी घडलं, कुठे घडलं, कोण होतं, आणि ते तुम्हाला का आठवतं. गुण चार गोष्टींना सारखेच आहेत: ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. प्रसंग सांगताना क्रियापदाचा काळ व्याकरणात मोजला जातो आणि घटनांचा क्रम सुसंगतीत. म्हणजे काळ चुकला की बऱ्याचदा एका दगडात दोन्ही ठिकाणी फटका बसतो.

एक उदाहरण घेऊ. कार्डावर आहे: ‘ठरवलेला बेत बदलावा लागला असा एखादा प्रसंग सांगा.’ समजा, उमेदवार कोल्हापूरची मुलगी आहे आणि ती ऑगस्ट 2019 च्या महापुराबद्दल बोलायचं ठरवते. त्या वेळी पुणे-बेंगळुरू महामार्गावर शिरोलीजवळ पाणी आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. ती पुण्याहून घरी निघालेली, एसटी कराडलाच थांबवली गेली, आणि मग चार दिवस मावशीकडे मुक्काम. प्रसंग उत्तम आहे. आता तो ती पहिल्यांदा कसा सांगते बघा.

‘आय हॅड टेकन द मॉर्निंग बस. देन इट हॅड रेन्ड. देन द बस हॅड स्टॉप्ड इन कराड. देन माय फादर हॅड कॉल्ड. देन आय हॅड स्टेड विथ माय आँट.’

पाच वाक्यं, पाच ‘हॅड’, चार ‘देन’. सगळ्या घटना एकाच रांगेत उभ्या आहेत; मुख्य कुठली, आधीची कुठली, चालू असलेली कुठली, काहीच कळत नाही. ‘देन’ची ही पुनरावृत्ती परीक्षकाच्या कानाला लगेच जाणवते. बँडच्या अधिकृत वर्णनातही ठरावीक जोडशब्दांचा अतिवापर खालच्या पातळीच्या खुणांमध्ये मोजलेला आहे. मराठीत बोलताना ही मुलगी असं कधीच बोलली नसती. ‘बसमध्ये बसून, सामान ठेवून, जरा डोळा लागतो न लागतो तोच’ असं तिनं सहज गुंफलं असतं. इंग्रजीत तो ‘ऊन’चा धागा हाताशी नाही म्हणून ती ‘देन’ला धरून बसते.

आता तीच गोष्ट दुसऱ्या बांधणीत. ‘इट हॅड बीन रेनिंग फॉर डेज व्हेन आय लेफ्ट पुणे. बाय द टाइम वी रीच्ड कराड, द वॉटर हॅड ऑलरेडी कव्हर्ड द हायवे. व्हाइल द कंडक्टर वॉज टॉकिंग टू द पोलीस, माय फादर कॉल्ड.’

यात गोष्टीचा कणा ‘लेफ्ट’, ‘रीच्ड’, ‘कॉल्ड’ या साध्या भूतकाळी क्रियापदांचा आहे. ती ज्या क्रमानं घडली त्याच क्रमानं येतात, म्हणून ‘देन’ची गरजच पडत नाही. ‘वॉज टॉकिंग’ हे मागे चालू असलेलं दृश्य; त्याच्या मध्येच वडिलांचा फोन येतो. आणि ‘हॅड’ फक्त दोनदा, तोही जिथे गोष्ट एक पाऊल मागे जाते तिथेच: बस कराडला पोहोचण्याआधीच पाणी रस्त्यावर आलं होतं. मागचं सांगून झालं की लगेच साध्या भूतकाळात परत यायचं. एकदा ‘हॅड’ लावला म्हणून पुढची दहा वाक्यं त्यातच फिरत राहणं हा तितकाच मोठा दोष. क्लासमध्ये ‘पास्ट परफेक्टने बँड वाढतो’ असं सांगितलं जातं. पण तो जिथे लागतो तिथेच वाढवतो. दोन मिनिटांत दोन-तीनदा आला तर पुष्कळ झाला.

आणखी एक मराठी खोड इथे अडवते. रंगात येऊन सांगताना आपण वर्तमानकाळात शिरतो: ‘आणि बघते तर काय, समोर नुसतं पाणी!’ इंग्रजीतही मित्रमंडळींत असं बोलतात. पण भूतकाळात चाललेलं कथन मध्येच ‘आय सी वॉटर एव्हरीव्हेअर’ होतं आणि पुढच्या वाक्यात परत ‘वी वेटेड’, तेव्हा ते रंगत न वाटता चूक वाटते. तसंच दुसऱ्याचं बोलणं सांगताना. ‘बाबा म्हणाले, निघू नकोस, रस्ता बंद आहे’ यातलं ‘आहे’ मराठीत तसंच राहतं. इंग्रजीत ते ‘ही सेड द रोड वॉज क्लोज्ड’ असं मागे सरकतं.

तयारीचं ते एक मिनिट पूर्ण वाक्यं लिहिण्यात घालवणारे बरेच असतात. मग नजर कागदाला चिकटते आणि बोलणं वाचल्यासारखं होतं. त्यापेक्षा कागदावर चारच टप्पे पुरे: निघाले, अडकले, फोन, मावशी. जिथे मागे जायचं आहे तिथे, म्हणजे ‘अडकले’च्या बाजूला, डावीकडे वळणारा एक बाण. तो बाण दिसला की ‘हॅड’ काढायचा. नाही दिसला तर नाही. उरलेल्या जागेत नेमके तपशील देणारे दोन-तीन शब्द टाकता येतात, उदाहरणार्थ मावशीच्या घरातला बंद पडलेला टीव्ही. पन्नास सेकंदांतच गोष्ट संपून जाते ती बहुधा असे तपशील नसल्यामुळे, आणि मग ‘इट वॉज अ व्हेरी मेमोरेबल एक्स्पीरिअन्स’ हे वाक्य तीनदा येतं.

उलट टोकही आहे. पावसाचं, पुण्याच्या हॉस्टेलचं, सामानाचं वर्णन करता करता दीड मिनिट जातं आणि बस कराडला पोहोचतच नाही. दोन मिनिटं झाली की परीक्षक थांबवतो. अर्ध्यावर तोडलं म्हणून गुण जात नाहीत, पण प्रसंगाची गुंतागुंत, म्हणजे काळांचा खरा उपयोग जिथे होणार होता तो भाग, बोललाच गेलेला नसतो. तेव्हा पार्श्वभूमी दोन-तीन वाक्यांत उरकून अडकण्याच्या क्षणापर्यंत लवकर यावं.

कार्डावरची शेवटची सूचना, ‘का आठवतं’, तिथे काळ बदलतो आणि तो बदलायलाच हवा. ‘आय स्टिल रिमेंबर इट बिकॉज आय हॅड नेव्हर बीन अवे फ्रॉम होम इन अ क्रायसिस.’ आठवतं ते आत्ता, म्हणून वर्तमानकाळ. तोवर असं कधी झालं नव्हतं, म्हणून ‘हॅड’. त्यानंतर परीक्षक बऱ्याचदा एखादा छोटा प्रश्न विचारतो: मावशीशी अजून त्याबद्दल बोलणं होतं का? तिथे पुन्हा कराडच्या स्टँडवर जायचं कारण नाही. ‘येस, वी लाफ अबाउट इट एव्हरी मॉन्सून’ एवढं साध्या वर्तमानकाळातलं उत्तर बस होतं.