लोंबत्या दोरातला e

आमच्या ऑब्स्टॅकल कोर्सच्या टोकाला एक नाला आहे. त्याच्या दोन्ही काठांवर सारख्या उंचीचे दोन खांब आहेत आणि त्यांच्यामध्ये एक दोर सैल बांधलेला असतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्या वर दुसरा दोर ताणून बांधायचा होता. स्टोअरमध्ये १८ मीटरचा एकच दोर होता आणि दोन्ही खांबांना गुंडाळून गाठी मारायला मिळून ४ मीटर जाणार होते. म्हणजे खांबांमधले अंतर १४ मीटरपेक्षा कमी असेल तरच काम होणार. पण नाला भरून वाहत होता आणि टेप घेऊन पलीकडे जायला परवानगी नव्हती.

उस्ताद म्हणाले, "खालचा दोर गाठीपासून गाठीपर्यंत बरोबर १५ मीटर आहे. आता सांगा."

दोराचा झोळ आम्ही काठावरूनच मोजला. दोन्ही खांबांवर गाठीपासून खाली दर अर्ध्या मीटरवर रंगाचे पट्टे आहेत. अलीकडच्या खांबावर पाचव्या पट्ट्याला डोळा लावून पलीकडच्या पाचव्या पट्ट्याकडे पाहिले, तेव्हा नजरेची रेष दोराच्या सर्वांत खालच्या बिंदूला टेकत होती. म्हणजे झोळ २.५ मीटर.

माझ्या मित्राने लगेच पायथागोरस लावला. अर्धा दोर ७.५ हा कर्ण, झोळ २.५ ही एक बाजू, म्हणून दुसरी बाजू ७.०७. पूर्ण अंतर १४.१४ मीटर, दोर पुरणार नाही! पण दोर काही मधोमध मोडलेल्या काठीसारखा लोंबत नाही, तो वाकतो. दोन बिंदूंमध्ये वाकडी वाट सरळ वाटेपेक्षा लांब असते. तेव्हा वाकलेल्या १५ मीटर दोरात खरे अंतर १४.१४ पेक्षा कमीच भरणार. किती कमी, हा प्रश्न होता. मला तो सोडवता आला, कारण त्याच आठवड्यात गणिताच्या सरांनी आम्हाला हायपरबोलिक फलने दाखवली होती.

ती e या संख्येपासून बनतात. e म्हणजे सुमारे २.७१८. t वाढत गेला की e^t झपाट्याने वाढतो आणि e^(−t) तितक्याच झपाट्याने लहान होतो. या दोघांच्या बेरजेचा अर्धा भाग म्हणजे cosh t आणि वजाबाकीचा अर्धा भाग म्हणजे sinh t:

cosh t = (e^t + e^(−t)) / 2
sinh t = (e^t − e^(−t)) / 2

यांची बेरीज e^t येते आणि वजाबाकी e^(−t). त्या दोघांचा गुणाकार १ असतो, म्हणून cosh² t − sinh² t = 1. आपल्या ओळखीच्या sin आणि cos च्या सूत्रात अधिक असते, इथे वजा आहे.

आता दोर. फक्त स्वतःच्या वजनाने लोंबणाऱ्या दोराला कॅटेनरी म्हणतात. १६९० मध्ये याकोब बर्नुली यांनी तिचे कोडे घातले आणि १६९१ मध्ये लायब्निझ, हायगेन्स व योहान बर्नुली या तिघांनी ते वेगवेगळे सोडवले. आजच्या भाषेत त्यांचे उत्तर असे: अर्ध्या दोराची लांबी s, झोळ h आणि खांबांमधले अर्धे अंतर x असेल, तर

s = a sinh t, a + h = a cosh t, x = a t

यातला a म्हणजे ताणाचे माप. सर्वांत खालच्या बिंदूपाशी दोरात जितका ताण असतो, तितक्या वजनाच्या दोराची लांबी म्हणजे a. वरचे वजाबाकीचे सूत्र वापरले की (a + h)² − s² = a² मिळते आणि त्यातून a सुटतो:

a = (s² − h²) / (2h) = (56.25 − 6.25) / 5 = 10

म्हणून sinh t = 7.5/10 = 0.75. आता उलटे जायचे आहे, sinh माहीत असताना t शोधायचा आहे. e^t ला u म्हणू. मग e^(−t) म्हणजे 1/u, आणि समीकरण u − 1/u = 1.5 असे होते. u ने गुणले की दहावीतले साधे वर्गसमीकरण उरते:

u² − 1.5u − 1 = 0, म्हणून u = 0.75 ± 1.25

उत्तरे दोन आली, २ आणि −०.५. पण e चा कोणताही घात ऋण नसतो, म्हणून दुसरे उत्तर सोडून द्यायचे. u = 2, म्हणजे t = ln 2 = 0.6931. हेच सर्वसाधारण रूपात लिहिले की sinh चे व्यस्त फलन मिळते:

sinh⁻¹ p = ln(p + √(p² + 1))

अर्धे अंतर १० × ०.६९३१ = ६.९३ मीटर, पूर्ण अंतर १३.८६ मीटर. दोर पुरणार होता, तोही फक्त १४ सेंटिमीटर राखून.

ताळा म्हणून मी cosh कडूनही गेलो. cosh t = 12.5/10 = 1.25. तसेच समीकरण मांडले की u = 1.25 ± 0.75, म्हणजे २ किंवा ०.५. आधीच्या सवयीने मी वजा चिन्हाचे उत्तर खोडले. सरांनी वही पाहून विचारले, "हे का खोडलेस? हे तर धन आहे." खरेच होते. ln 0.5 म्हणजे −0.6931, आणि तेही बरोबर आहे. एक उत्तर उजव्या खांबाचे, दुसरे डाव्या खांबाचे! दोन्ही खांबांवर दोराची उंची सारखीच असते, त्यामुळे नुसती उंची सांगून कोणता खांब ते कळत नाही. म्हणून cosh च्या व्यस्तात दोन उत्तरे असतात आणि कॅल्क्युलेटर त्यांतले धन तेवढे दाखवतो. त्याला १ पेक्षा लहान संख्या दिली तर तो एरर देतो, कारण आपल्या सर्वांत खालच्या बिंदूच्याही खाली दोर कुठेच नसतो.

ही रीत कुठे फसते, तेही सांगतो. दोरावर कोणी लटकला असेल, तर त्या जागी दोराला कोपरा पडतो आणि अख्ख्या दोराला मिळून हे सूत्र लागू होत नाही. खांबांवरच्या गाठी वरखाली असतील तरी नाही. आणि दोर बराच ताणलेला असेल तर आकडे लवकर तोडू नयेत. १५ मीटर दोराला झोळ फक्त २५ सेंटिमीटर धरा. मग a सुमारे ११२.४ येतो आणि u = 1.06897. मी तो १.०७ असा लिहिला आणि अंतर १५.२ मीटर आले, म्हणजे दोरापेक्षाही लांब! असे उत्तर दिसले की चूक आपलीच. सगळे दशांश ठेवले की १४.९९ येते.

चार दिवसांनी पाणी ओसरले आणि आम्ही टेप लावला. १३ मीटर ८८ सेंटिमीटर. नवा दोर तोवर बांधूनही झाला होता. लायब्निझ यांनी त्या काळीच दाखवले होते की लोंबत्या साखळीवरून लॉगॅरिदम मोजता येतो. रात्री मी १३.८८ ला २० ने भागले आणि उत्तर ०.६९४ आले. ln 2 आहे ०.६९३.