भिंतीवर फक्त आजचे काम

लिफ्टची देखभाल करणाऱ्या एखाद्या कार्यालयाचे उदाहरण घेऊ. शहरभर विखुरलेल्या 240 लिफ्ट, अकरा मेकॅनिक, दोन सुपरवायझर आणि फोनवर बसणारी एक व्यक्ती. भिंतीवर मोठा टीव्ही लावायचा ठरले की सहसा त्यावर काय येते? या महिन्यात 240 पैकी 162 सर्व्हिसिंग झाल्या, तक्रारी 38, सोबत एक रंगीत गोल आलेख आणि गेल्या सहा महिन्यांचे खांब. सगळे आकडे खरे असतात. पण सकाळी साडेनऊला बॅग खांद्याला लावून उभ्या असलेल्या मेकॅनिकने ते वाचले, तर त्याला कुठल्या सोसायटीत आधी जायचे हे काही कळत नाही. तो फलक मालकाच्या महिन्याच्या बैठकीसाठी ठीक आहे. रोज काम करणाऱ्यांच्या भिंतीवर वेगळीच गोष्ट हवी.

जास्त माहिती निरुपद्रवी असते असे समजणे धोक्याचे आहे. 24 जुलै 1994 रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथे टेक्साको कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात मोठा स्फोट झाला. स्फोटाआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत नियंत्रण कक्षातल्या दोन ऑपरेटरांसमोर 275 इशारे येऊन आदळले होते. यंत्रे बोलत होती, पण त्या गर्दीत महत्त्वाचे कोणते हे ओळखायला माणसांना उसंतच नव्हती. लिफ्टच्या कार्यालयात स्फोट होत नाही. तिथे होते ते एवढेच, की चार दिवसांत माणसे भिंतीकडे बघणे सोडून देतात.

म्हणून पहिला प्रश्न असा, की एखादे काम ‘आजचे’ आहे हे ठरवायचे कसे? सोपे वाटणारे उत्तर म्हणजे मुदतीच्या तीन दिवस आधी ते दाखवायचे. हे उत्तर चुकते, कारण प्रत्येक कामाला लागणारा वेळ वेगळा असतो. समजा एका इमारतीत 18 तारखेला सरकारी लिफ्ट निरीक्षक येणार आहेत आणि दाराचा एक सुटा भाग बदलायचा आहे. भाग मागवल्यावर यायला कामाचे चार दिवस लागतात आणि बसवायला एक दिवस. म्हणजे 17 तारखेला तो बसवायचा, 16 ला तो हातात हवा, तर ऑर्डर 12 तारखेला जायला हवी. मध्ये रविवार आला तर 11 ला. तीन दिवस आधीच्या नियमाने ही ओळ 15 तारखेला उगवेल, तेव्हा करण्यासारखे काही उरलेले नसेल. उलट महिनाअखेरची नेहमीची सर्व्हिसिंग तासाभराची असते. ती 12 तारखेला भिंतीवर दिसायची काहीच गरज नाही. थोडक्यात, नोंदवहीत मुदतीच्या शेजारी आणखी एक तारीख हवी: या दिवशी हात लावला नाही तर मुदत चुकेल, ती तारीख. माझ्या मते संपूर्ण फलकातले खरे डिझाइन या एका रकान्यात आहे. रंग आणि अक्षरे नंतरची.

हा रकाना नीट भरला गेला, की फलकामागचा प्रश्न इतका छोटा होतो:

```sql
SELECT building, task, owner, act_by
FROM jobs
WHERE closed_at IS NULL
  AND act_by <= CURRENT_DATE
ORDER BY act_by
LIMIT 7;
```

न संपलेली कामे घ्या, ज्यांची ‘हात लावायची तारीख’ आज किंवा आधीची आहे तेवढीच ठेवा, सर्वांत जुने वर आणा, आणि सात ओळी दाखवा. ओळीत चारच गोष्टी: इमारत, काय करायचे, कोणी, कधीपर्यंत. सुट्या भागाची ऑर्डर गेली, की त्या कामाची ‘हात लावायची तारीख’ पुढे सरकून भाग बसवायच्या दिवसावर जाते आणि ओळ तोवर भिंतीवरून उतरते.

सात हा आकडा भिंतीनेच दिला आहे. दुरून वाचायच्या अक्षरांचा एक ढोबळ नियम आहे: अक्षराची उंची अंतराच्या दोनशेव्या हिश्शाइतकी हवी. चार मीटरवरून वाचायचे तर दोन सेंटिमीटर. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळे ओळीमधली जागा धरून एका ओळीला सहाएक सेंटिमीटर लागतात. 43 इंची टीव्हीची उंची साधारण 53 सेंटिमीटर असते. वरची वेळ आणि खालची पट्टी सोडली की सात ओळी उरतात. त्याहून जास्त कोंबल्या, तर वाचण्यासाठी टीव्हीजवळ जाऊन उभे राहावे लागेल.

पण याच मर्यादेत एक खड्डा आहे. आठवी ओळ गुपचूप गायब होते, आणि बघणाऱ्याला वाटते की सातच कामे आहेत. म्हणून खालच्या पट्टीत ‘आणखी 5’ असे लिहायलाच हवे. तो आकडा अधूनमधून आला तर हरकत नाही. रोजच येऊ लागला, तर एक तर तारखा उगाच अलीकडच्या टाकल्या जात आहेत, किंवा अकरा मेकॅनिक खरोखर पुरत नाहीत. हा निर्णय सुपरवायझरने घ्यायचा आहे. अक्षरे बारीक करून तो टाळता येत नाही.

सर्वांत कठीण स्थिती मात्र रिकाम्या फलकाची. एअरबसच्या कॉकपिटमध्ये सगळे सुरळीत असेल तेव्हा माथ्यावरच्या बटणांचे दिवे विझलेले असतात, आणि दिवा लागला तरच वैमानिकाने तिकडे पाहायचे. भिंतीवरही हेच हवे. पण रिकामी भिंत दोन कारणांनी दिसू शकते: काम उरले नाही म्हणून, किंवा इंटरनेट तुटले म्हणून. त्यामुळे रिकाम्या फलकावर ‘आज काही अडलेले नाही. 10.42 ला तपासले’ असे स्पष्ट दिसावे. शिवाय ती वेळ किती जुनी झाली, हे टीव्हीने स्वतःच्या घड्याळाने मोजावे. सर्व्हरवर विसंबले, तर सर्व्हर बंद पडल्यावर ‘मी बंद आहे’ हे सांगणारे कोणी उरत नाही. पंधरा मिनिटे नवी माहिती आली नाही, की सगळ्या ओळी पुसून पडदाभर ‘माहिती जुनी आहे’ असे यावे. कोपऱ्यातला छोटा लाल ठिपका पुरत नाही, आणि लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्यांना तर तो कळतही नाही.

याहून छुपा बिघाड म्हणजे तार शाबूत, पण नोंदी शिळ्या. मेकॅनिक दुपारी काम संपवतो आणि रात्री घरी गेल्यावर नोंद करतो. तोवर भिंत झालेले काम मागत राहते. हा बिघाड ओळखायची खूण सोपी आहे: ओळ बघून माणसे फोन करून विचारू लागतात, ‘दादा, हे खरंच बाकी आहे का?’ असे झाले की नोंद जागेवरूनच, एका बटणात होईल अशी सोय करावी लागते. फलकाचा नियम बदलून तिथे उपयोग नाही.

लिफ्टमध्ये माणूस अडकल्याची तक्रार या भिंतीवर कधीही टाकू नये. पाच मिनिटांनी ताजा होणारा पडदा कोणी बघेल या भरवशावर माणूस आत ठेवता येत नाही. तिथे जवळच्या मेकॅनिकचा फोन वाजला पाहिजे, आणि त्याने उचलला नाही तर पुढच्याचा.

टीव्ही विकत घेण्याआधी दोन आठवडे साधा पांढरा फळा वापरावा. सुपरवायझरने रोज सकाळी नोंदवहीतून आजच्या ओळी हाताने लिहाव्यात आणि संध्याकाळी ज्या ओळींना कोणी हात लावला नाही त्यांच्यापुढे खूण करावी. तीन दिवस खूण पडूनही काही बिघडले नाही, तर ती तारीख चुकीची मोजली होती. आणि फळ्यावर नसताना दिवसभरात जे काम अंगावर आले, त्याची तारीख नोंदवहीत आधी कोणत्या दिवशी पडायला हवी होती हे शोधून तो हिशेब दुरुस्त करावा.