जमायच्या जागेच्या पुढची जागा

चिपळूणच्या एका शाळेतल्या बाईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, 'घंटा, रांग, मैदान, हजेरी हे आमच्या मुलांना पाठ झालंय. पण मैदान नदीच्या अंगाला आहे. २०२१च्या जुलैत ते पाण्याखाली होतं. मग जमायचं कुठे?'

बाईंनी नेमकी दुखरी जागा धरली आहे. बहुतेक शाळांचा सराव आगीसाठी बेतलेला असतो. आगीत आणि भूकंपाचे हादरे थांबल्यावर मोकळं मैदान बरोबर. पुरात मात्र उंची हवी, आणि रस्ता बुडायच्या आत निघायला हवं. एकच घंटा वाजवली की मुलं सवयीने मैदानाकडेच धावणार. म्हणून पुराची घंटा वेगळी ठेवा.

पण वेगळी जागा ठरवूनही भागत नाही. ११ मार्च २०११ला जपानमधल्या कामाइशीत उनोसुमाई भागातल्या शाळांची मुलं भूकंपानंतर ठरलेल्या जागी पोहोचली. तिथे मागचा कडा ढासळताना दिसला. मोठी मुलं धाकट्यांचे हात धरून आणखी वर गेली, आणि तिथूनही पुढे. त्सुनामीचं पाणी त्या पहिल्या जागेपर्यंत आलं. तोशिताका कातादा या प्राध्यापकांनी तिथल्या शाळांना आधीच शिकवलं होतं की नकाशातल्या धोक्याच्या रेषेवर भिस्त ठेवू नका.

त्याच दिवशी जपानमधल्याच ओकावाच्या प्राथमिक शाळेत मुलं पाऊण तासाहून जास्त वेळ आवारातच थांबली. शाळेमागे टेकडी होती. पण आराखड्यात नेमकी जागा लिहिलेलीच नव्हती, आणि कुठे जायचं यावर मोठ्यांचं ठरेना. अखेर ती निघाली ती नदीच्या पुलाकडे. त्सुनामीत ७४ मुलं आणि १० शिक्षक-कर्मचारी गेले.

या दोन शाळांची हकिगत कळल्यापासून मी शाळेच्या सरावात एक खोडी काढतो. आधी न सांगता जिन्यात खुर्ची आडवी ठेवतो, तिला लाल फडकं बांधतो आणि सांगतो, इथे आग आहे. पहिल्या खेपेला सहावीची रांग खुर्चीपाशी अडली. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या जिन्याने ती रोज उतरायची, पण त्या दिवशी तो कुणालाच आठवला नाही. महिन्याने पुन्हा खुर्ची ठेवली, तेव्हा पुढच्या मुलीने नुसता हात वर केला आणि रांग मागे वळली. खाली पोहोचायला आधीपेक्षा जास्त वेळ लागला, तरी मी तो सराव चांगला धरला.

तर बाई, पहिली जागा लिहा, तिच्याखाली दुसरी लिहा, आणि पहिली कधी सोडायची तेही लिहा. उदाहरणार्थ, फाटकाच्या खांबावर रंगाची खूण करा. पाणी तिथे टेकायच्या आत निघायचं. पहिलीच्या मुलाकडून निर्णयाची अपेक्षा नको; त्याचा हात सातवीच्या मुलाच्या हातात द्या. आणि हजेरी दोन्ही जागी घ्या. वाटेत कुणी मागे राहिलं, तर ते दुसऱ्या हजेरीतच कळतं.