न केलेल्या टॅकलचा हिशेब

ऑगस्ट २००१ मध्ये मँचेस्टर युनायटेडने याप स्टामला विकलं. स्टाम डच सेंटर-बॅक, वय २९. तीन वर्षांपूर्वी मोठी रक्कम मोजून त्याला आणलं होतं आणि तो आल्यापासून युनायटेडने सलग तीन वेळा लीग जिंकली होती. १९९९ साली लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग अशा तिन्ही स्पर्धा एकाच हंगामात जिंकणाऱ्या संघाचा तो बचावातला खांब होता. तरी सुमारे दीड कोटी पौंडांहून जास्त किंमत येताच व्यवस्थापक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी त्याला इटलीच्या लाझिओकडे जाऊ दिलं आणि त्याच्या जागी ३५ वर्षांच्या लोराँ ब्लाँला आणलं.

त्या आठवड्यात स्टामचं आत्मचरित्र गाजत होतं, त्यामुळे त्यातल्या मजकुराने फर्ग्युसन दुखावले अशी चर्चा झाली. स्टामला टाचेच्या शिरेची मोठी दुखापतही होऊन गेली होती. पण या निर्णयामागे आकड्यांचाही हात होता, असं फुटबॉलमधल्या आकडेशास्त्राचे अभ्यासक पुढे सांगू लागले. सामन्यांची आकडेवारी गोळा करणारी ऑप्टा ही कंपनी तेव्हा नुकतीच रुळली होती. तिच्या तक्त्यांत स्टामच्या टॅकलची संख्या घटलेली दिसत होती. खेळाडू उतरणीला लागला, असा त्याचा अर्थ काढला गेला. पुढच्या हंगामात युनायटेडने लीगमध्ये ४५ गोल खाल्ले. आदल्या हंगामात ३१ खाल्ले होते. एका माणसाच्या जाण्याने चौदा गोल वाढत नाहीत, पण स्टाम संपलेला नव्हता हे नक्की. तो पुढे सहा वर्षं खेळला आणि २००५ मध्ये एसी मिलानकडून चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात उतरला. त्याला विकणं ही आपली चूक होती, हे फर्ग्युसन यांनी नंतर मान्य केलं.

चूक नेमकी कुठे होती? टॅकल मोजण्यात नाही. टॅकल कमी झाले म्हणजे बचाव कमी झाला, या गृहीतकात ती होती.

टॅकल कधी होतो ते पाहू. समोरच्या खेळाडूच्या पायात चेंडू असतो आणि बचावपटू पाय घालून तो काढून घेतो. म्हणजे त्याआधी काही गोष्टी घडून गेलेल्या असतात: प्रतिस्पर्ध्याने पास दिला, तो अडवला गेला नाही, आणि तो घेणारा चेंडू नीट ताब्यात घेऊन वळू शकला. बचावपटू दोन पावलं आधी योग्य जागी उभा असता, तर हा पास कदाचित दिलाच गेला नसता. क्रिकेटमध्ये पॉइंटला रवींद्र जडेजा उभा असला की फलंदाज चोरटी धाव घ्यायला धजत नाहीत. धावफलकात त्या न घेतलेल्या धावांची नोंद होत नाही, तसंच हे. स्पेनचा मध्यरक्षक शाबी अलोन्सो इंग्लंडमध्ये खेळून गेला, तेव्हा तिथली तरुण मुलं टॅकल हा आपला गुण म्हणून सांगतात याचं त्याला नवल वाटलं होतं. त्याच्या लेखी टॅकल हा नाइलाजाने वापरायचा शेवटचा उपाय होता.

म्हणून टॅकलसोबत आणखी दोन आकडे पाहतात. इंटरसेप्शन म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पास ओळखून त्याच्या वाटेत येणं आणि चेंडू मध्येच घेणं. हे टॅकलच्या एक पायरी आधीचं काम आहे, त्यामुळे खेळ वाचण्याची क्षमता त्यात जास्त दिसते. तिसरा आकडा हवेतल्या झुंजींचा: उंच आलेल्या चेंडूसाठी दोघे उडी मारतात, एक जिंकतो, दुसरा हरतो. सेंटर-बॅकसाठी हा आकडा मोलाचा, कारण लांब पास, कॉर्नर आणि क्रॉस यांचा मारा त्याच्याच डोक्यावर होतो.

पण हे तीन आकडे नुसते बेरजेत टाकले, तर स्टामच्या वेळची चूक तिप्पट होते. आधी त्यांना भागायला हवं, आणि पहिला भागाकार संधीचा. आपल्या संघाकडे चेंडू असताना बचावपटूला टॅकल करताच येत नाही. समजा, अ आणि ब असे दोन सेंटर-बॅक आहेत, दोघेही तीस सामने पूर्ण वेळ खेळले. अ च्या संघाकडे सरासरी ६५ टक्के वेळ चेंडू असतो, ब च्या संघाकडे ४०. अ ने हंगामात ३६ टॅकल केले, ब ने ६०. तक्त्यात ब कितीतरी पुढे दिसतो. पण प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू असण्याचं प्रमाण अ च्या वाट्याला ३५ टक्के आणि ब च्या वाट्याला ६० टक्के आलं. दोघांनाही निम्मा वेळ मिळाला असता असं धरून हिशेब केला, तर अ चे ३६ भागिले ३५ गुणिले ५० म्हणजे सुमारे ५१ टॅकल होतात आणि ब चे ६० भागिले ६० गुणिले ५० म्हणजे ५०. दोघे सारखेच निघाले. ताब्यानुसार केलेली ही दुरुस्ती आता क्लबांच्या विश्लेषकांमध्ये सर्रास वापरली जाते, जरा वेगळ्या सूत्रांनी.

दुसरा भागाकार अपयशाचा. ऑप्टाच्या पद्धतीत चेंडू काढून घेतला तरच टॅकल धरला जातो. बचावपटू पुढे सरसावला आणि समोरचा त्याला चकवून निघून गेला, तर ती नोंद वेगळ्या रकान्यात जाते. फाउल झाला तर तो तिसऱ्याच रकान्यात. तिन्ही एकत्र आणले की खरं चित्र दिसतं. समजा, अ ला सहा वेळा चकवलं गेलं आणि टॅकल करताना त्याच्याकडून आठ फाउल झाले. त्याने एकूण ५० वेळा धोका पत्करला आणि ३६ वेळा तो फळला: ७२ टक्के. ब ला ३५ वेळा चकवलं, २५ फाउल झाले. १२० पैकी ६०, म्हणजे निम्मे. ज्याच्या नावावर जास्त टॅकल, तोच आपल्या संघाला जास्त वेळा उघडं पाडत होता. सेंटर-बॅक चकला की मागे फक्त गोलरक्षक उरतो, म्हणून त्याच्या बाबतीत ही टक्केवारी टॅकलच्या संख्येपेक्षा जास्त बोलते. बाजूच्या बचावपटूला मात्र कडेला एकास एक गाठणारे विंगर सतत भेटतात. तो जास्त टॅकल करणार आणि जास्त चकणारही. त्यामुळे तुलना एकाच जागेवर खेळणाऱ्यांची करायची.

इंटरसेप्शनमध्ये ही सोयही नाही. पास पकडायला बचावपटू जागा सोडून धावला आणि चेंडू हुकला, तर तक्त्यात काहीच उमटत नाही. चेंडू पुढे जातो, त्याने सोडलेल्या जागेतून स्ट्रायकर घुसतो, गोल झालाच तर दोष बहुधा दुसऱ्याच्या माथी बसतो. म्हणून इंटरसेप्शन भरपूर असलेला सेंटर-बॅक निवडताना जाणकार त्याची चित्रफीत पाहतात: न मिळालेल्या पासच्या वेळी तो कुठे होता?

हवेतल्या झुंजींचं गणित आणखी गमतीचं आहे. नव्वद टक्के जिंकणारा कोणाविरुद्ध जिंकला, हे आधी पाहावं लागतं. बुटक्या विंगरशी उडी मारणं आणि सहा फूट चार इंचांच्या स्ट्रायकरशी भिडणं एक नाही. त्यातही चलाख स्ट्रायकर हेडरमध्ये तरबेज असलेल्या बचावपटूपासून लांब सरकतो आणि बाजूच्या उंचीने कमी असलेल्या बचावपटूवर चेंडू मागवतो. परिणामी सर्वांत दमदार माणसाच्या वाट्याला झुंजी कमी येतात. शिवाय बचावपटूने आधीच हेरून एकट्यानेच चेंडू डोक्याने परतवला, तर दुसरा कुणी उडी मारायला नसल्याने ती झुंज धरलीच जात नाही. आणि जिंकलेला हेडर थेट प्रतिस्पर्ध्याच्या पायात पडला, तरी तो जिंकलेलाच.

इतके भागाकार करूनही एक भाग उरतो. ३१ मार्च २०१९ ला अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूल आणि टॉटनहॅम १-१ असे बरोबरीत होते. सामना संपायला थोडीच मिनिटं असताना टॉटनहॅमचे मूसा सिसोको आणि सन ह्युंग-मिन मोकळे सुटले, समोर एकटा व्हर्जिल व्हॅन डाइक. चेंडू सिसोकोकडे होता. व्हॅन डाइक त्याच्यावर धावून गेला नाही. सनकडे जाणाऱ्या पासच्या रेषेत राहून तो मागे सरकत गेला, कारण नेम सनचा चांगला होता. पास देता येईना, तेव्हा सिसोकोला स्वतःच फटका मारावा लागला, तोही कमजोर डाव्या पायाने. चेंडू बारवरून गेला. थोड्याच वेळात लिव्हरपूलने सामना २-१ असा जिंकला.

त्या हंगामातला तो कदाचित सर्वांत मोलाचा बचाव होता, आणि त्यातून व्हॅन डाइकच्या खात्यात टॅकल शून्य, इंटरसेप्शन शून्य, हवेतली झुंज शून्य. तो त्या वर्षी इंग्लंडमधल्या खेळाडूंनी निवडलेला सर्वोत्तम खेळाडू ठरला, लिव्हरपूलने लीगमध्ये सर्वांत कमी, २२ गोल खाल्ले, आणि त्या पूर्ण लीग हंगामात त्याला ड्रिबल करून कुणीही मागे टाकल्याची नोंद नाही. हा शेवटचा शून्य मात्र बोलका होता. टॅकल कमी आणि चकणं वारंवार, तर तो दुबळेपणा. टॅकल कमी आणि चकणंही नगण्य, तर समोरचे त्याच्या वाटेला जात नाहीत, किंवा गेले तरी काही करू शकत नाहीत. स्टामच्या तक्त्यात घसरलेल्या टॅकलशेजारी हाच रकाना वाचायला हवा होता.

आता मोठे क्लब मैदानावरच्या बावीसही खेळाडूंच्या जागा सेकंदाला अनेक वेळा टिपतात. कोणता पास शक्य होता आणि बचावपटूच्या उभं राहण्याने तो किती अवघड झाला, याचा अंदाज त्यावरून बांधतात. न घडलेल्या गोष्टीला किंमत लावायचा हा प्रयत्न आहे. पण त्यातही एक अडचण राहतेच: बचावपटू त्या जागी स्वतःच्या बुद्धीने उभा होता की प्रशिक्षकाने आखलेल्या रचनेमुळे, शेजाऱ्याने ओरडून सांगितल्यामुळे की मध्यरक्षकाने समोरच्याला तिकडे ढकलल्यामुळे, हे आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. बचावफळी एकत्र हलते, तिचं श्रेय मात्र एकेकट्याच्या नावावर लिहावं लागतं. म्हणूनच संघ बदलला की तोच बचावपटू कधी अचानक सामान्य वाटू लागतो. आकडे बहुतेक क्लबांत कोणाला पाहायला जायचं याची यादी करायला वापरतात. कोणाला घ्यायचं हे त्याचे सामने पाहूनच ठरतं.