बॅटरी बसल्या जागी का उतरते?

पूर्ण चार्ज केलेला लिथियम-आयन सेल कशालाही न जोडता नुसता ठेवला, तरी साधारण तपमानाला तो महिन्याकाठी दोनेक टक्के उतरतो. 2500 मिलिअँपिअर-तासांचा सेल धरला तर हे झाले महिन्याला 50 मिलिअँपिअर-तास. महिन्याच्या 720 तासांनी भागलं, की सेलच्या पोटात सतत सुमारे 70 मायक्रोअँपिअरची गळती चालू आहे असा हिशेब निघतो. बाहेर तार नाही, मग ही वीज जाते कुठे?

चार्ज झालेल्या सेलमध्ये लिथियम ग्राफाइटच्या थरांत, म्हणजे ऋण टोकाला भरलेलं असतं. दोन्ही टोकांमधल्या द्रवात कार्बोनेट जातीचे विद्रावक आणि लिथियमचा एक क्षार असतो. चार्ज झालेलं ग्राफाइट इतकं आक्रमक असतं की या द्रवाचा त्याच्यापुढे निभाव लागत नाही. इलेक्ट्रॉन द्रवाच्या रेणूंत शिरतात आणि ते मोडतात. सेल टिकतो तो केवळ पहिल्याच चार्जिंगला या मोडतोडीतून ग्राफाइटवर जो पातळ थर बसतो त्यामुळे. हा थर लिथियमच्या आयनांना वाट देतो, इलेक्ट्रॉनांना अडवतो. पण अडवणं शंभर टक्के नसतं. थोडे इलेक्ट्रॉन पलीकडे पोचतात, आणखी द्रव मोडतो, थर आणखी जाड होतो आणि त्यात थोडं लिथियम कायमचं अडकतं. थर वाढेल तशी ही गती मंदावते, पण थांबत मात्र नाही.

धन टोकाला उलटा प्रकार. तिथे द्रवातूनच इलेक्ट्रॉन ओढून घेतले जातात, आणि त्यांच्याबरोबर द्रवातलं लिथियम धन टोकाच्या स्फटिकात परत जाऊन बसतं. सेल उतरतो, पण लिथियम कुठे हरवत नाही. पुन्हा चार्ज केला की ते कामाला लागतं.

म्हणूनच उतरलेली बॅटरी आणि म्हातारी झालेली बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या ओळखायची रीत सोपी आहे. समजा, 2500चा सेल पूर्ण भरून महिनाभर ठेवला आणि मग रिकामा करताना त्यातून 2450 निघाले. तो पुन्हा पूर्ण भरून रिकामा केला, तर 2490 निघाले. म्हणजे एकूण 50 गेले, त्यातले 40 नुसते उतरले होते आणि खरा तोटा झाला 10चा.

तिसरी वाट सगळ्यांत मजेशीर. द्रवात एखादा असा रेणू असला, जो ऋण टोकाला इलेक्ट्रॉन घेतो, तरंगत धन टोकाला जातो, तिथे तो सोडतो आणि रिकामा परत येतो, तर त्याची तरीवरच्या होडीसारखी ये-जा कितीही काळ चालू शकते. रेणू खर्ची पडत नाही, त्यामुळे चिमूटभर असला तरी पुरतो.

असा रेणू सेलमध्ये कुणी मुद्दाम टाकत नाही. मग तो येतो कुठून? कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात मायकेल मेट्झगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरम ठेवलेले सेल उघडले, तेव्हा एरवी रंगहीन असणारा द्रव लाल झालेला दिसला. त्यात डायमिथाइल टेरेफ्थॅलेट नावाचं संयुग सापडलं. त्याचं मूळ निघालं एका चिकटपट्टीत! गुंडाळी सुटू नये म्हणून सेलच्या आत जी पट्टी लावतात, ती पेट प्लॅस्टिकची होती, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचंच प्लॅस्टिक. ऋण टोकाला द्रव मोडताना तयार होणारं लिथियम मेथॉक्साइड या प्लॅस्टिकचे तुकडे पाडतं, आणि ते तुकडेच होडीचं काम करतात. 2023 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. उपाय फारच साधा निघाला: पट्टी पॉलिप्रॉपिलीनची वापरायची. इतकी वर्षं इलेक्ट्रोडच्या रसायनात दोष शोधला जात असताना पट्टीकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

या सगळ्या क्रियांना उष्णता मानवते, आणि सेल जितका भरलेला तितक्या त्या जोरात चालतात. याउलट, एकसारख्या ठेवलेल्या सेलपैकी एकच भराभर उतरत असेल, तर संशय रसायनाचा नाही, आत अडकलेल्या धातूच्या कणाचा घ्यावा. कारखान्यात नवे सेल काही दिवस पडू देऊन त्यांचा व्होल्टेज पुन्हा मोजतात, तो याचसाठी.

तेव्हा बॅटरी बरेच दिवस ठेवायची असेल तर ती निम्मी भरून, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. दर तीन महिन्यांनी तपासा, कारण फोन किंवा स्कूटरच्या पॅकमधलं सर्किटही थोडी वीज खातच असतं. बराच काळ दोन व्होल्टच्या खाली राहिलेल्या सेलमध्ये तांब्याची पट्टी विरघळलेली असू शकते. असा सेल पुन्हा चार्ज करू नका, सरळ ई-कचऱ्यात द्या.