आधी वरचा प्लग उघडा

‘जुने तेल काढून योग्य प्रमाणात नवीन तेल भरावे.’ गिअरबॉक्सच्या ऑइल बदलाची कार्यपद्धती, म्हणजे कारखान्याच्या भाषेत एसओपी, अनेकदा अशा एका ओळीत उरकलेली असते. त्याच मशिनवर केस पिकलेल्या फिटरला ती पुरते. कालच आयटीआयमधून आलेल्या मुलाला मात्र तीतून काहीच कळत नाही. कोणतं तेल, किती, कुठपर्यंत, आणि हात घालण्याआधी मशिन खरंच बंद आहे हे कसं ओळखायचं?

साखर कारखान्यात बगॅस वर चढवणारा तिरका बेल्ट घ्या. त्याला चालवणारी एक वर्म गिअरबॉक्स आहे, तिचं तेल बदलायचं आहे. एसओपीचं पहिलं पान पाना-हातोड्याचं नसून कुलपाचं असायला हवं. नुसतं स्टॉप बटण दाबलं तर कंट्रोल रूममधला माणूस बेल्ट पुन्हा सुरू करू शकतो. म्हणून बेल्ट आधी रिकामा करायचा, मग आयसोलेटर बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि नाव-वेळ लिहिलेला टॅग अडकवायचा. काम करणारे दोघे असतील तर कुलपंही दोन. त्यानंतर स्टार्ट दाबून बघायचं. इथे एक मेख आहे: इंटरलॉकमुळेही बेल्ट सुरू होत नाही, त्यामुळे नुसता न हलणं हा पुरावा धरता येत नाही. मोटरच्या टर्मिनलवर वीज नाही हे इलेक्ट्रिशियनने मीटरने तपासलं पाहिजे. वर्म गिअर उलटा फिरत नाही, अशी एक लाडकी समजूत आहे. तिच्यावर विसंबू नये, बेल्ट क्लॅम्पने धरून ठेवावा.

तेल कोमट असताना काढायचं, म्हणजे ते पातळ होऊन वाहतं आणि तळाचा गाळही सोबत घेऊन येतं. पण ‘कोमट’ हा शब्द नवख्याला फसवतो. ‘टेम्परेचर गनने केसिंग मोजा, ४० ते ५० अंश असेल तेव्हाच पुढे जा’ असं लिहिलं की प्रश्न मिटला. पूर्ण पाळी चाललेल्या गिअरबॉक्सचं तेल हात भाजण्याइतकं गरम असू शकतं.

आता प्लगांचा क्रम. आधी वरचा भरायचा प्लग उघडायचा, तोही हळूहळू, कारण ब्रीदर चोंदला असेल तर आत दाब असतो. मगच खालचा ड्रेन प्लग. उलट केलं आणि वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर तेल खाली आणि भरायला तोंड नाही, अशी गत होते.

ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलं आहे ते बघायचं. करडा, मऊ लेप ही नेहमीची झीज. बोटांना टोचणारे तुकडे, तेलात चमकणारे पिवळसर पितळी कण किंवा दुधासारखं गढूळ तेल दिसलं तर काम थांबवायचं, नमुना बाटलीत ठेवायचा आणि सुपरवायझरला बोलवायचं. गढूळपणा म्हणजे आत पाणी गेलंय. ‘कधी थांबायचं’ हे एसओपीत ठळक अक्षरांत हवं, कारण नवा माणूस लाजेखातर विचारत नाही.

तेलाचं नाव नेमप्लेटवरून किंवा मॅन्युअलमधून पूर्ण उतरवावं. वर्म गिअरबॉक्सला बहुधा आयएसओ व्हीजी ४६० सारखं जाड तेल लागतं, पण नुसता आकडा पुरत नाही. तिचं मोठं चाक कांस्याचं असतं आणि काही ईपी तेलांतलं सक्रिय गंधक ते खातं. पॉलिग्लायकॉल तेल तर खनिज तेलात मिसळतच नाही. म्हणून ‘स्टोअरमध्ये असेल ते’ चालत नाही.

नेमप्लेटवरचे लिटर हे खरेदीसाठी. भरताना मात्र लेव्हल प्लग उघडा ठेवायचा आणि तिथून तेल झिरपू लागलं की थांबायचं. जास्त तेल घुसळून फेसाळतं, तापतं, सीलमधून बाहेर येतं. ब्रीदर साफ करून, प्लगांना नवे वॉशर लावून कुलूप काढायचं, दहा मिनिटं चालवायचं आणि गळती दुरूनच बघायची. मग पुन्हा लेव्हल. बहुतेक वेळा चूक होते ती इथे: लेव्हल बघण्याआधी पुन्हा बंद, पुन्हा कुलूप. दुसऱ्या कुलपाची पायरी एसओपीत स्वतंत्र लिहा.

जुनं तेल झाकणाच्या पिंपात भरून लेबल लावायचं आणि परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल मोडतं, ते गटारात ओतता येत नाही.

कागद तयार झाला की तो लिहिणाऱ्याने नव्या मुलाच्या हाती द्यावा आणि बाजूला उभं राहून गप्प बघावं. तो जिथे अडेल किंवा वर मान करून बघेल, ती ओळ खोडून पुन्हा लिहावी. फक्त कुलपाच्या बाबतीत चुकताना दिसला तर तिथल्या तिथे त्याचा हात धरावा.