सनईचा टोचरा सूर आणि माईकची जागा

सनई हे लांबून ऐकण्याचे वाद्य आहे. देवळाच्या किंवा वाड्याच्या नगारखान्यात वाजणारी सनई खाली अंगणापर्यंत पोहोचते, तोवर तिचा आवाज भिंतींवर आपटून, पसरून एकजीव झालेला असतो. ध्वनिमुद्रणात माईक हातभर अंतरावर असतो आणि तिथे तीच सनई कानाला टोचू लागते.

याचे कारण उपस्वरांत आहे. समजा, वादकाचा षड्ज ३०० हर्ट्झचा आहे. पत्ती वाजली की त्याच्या जोडीने ६००, ९००, १२०० असे त्याच्या पटीतले उपस्वर उमटतात. सनईत यांतले बरेच उपस्वर मूळ स्वराइतके, काही तर त्याहूनही बलवान असतात. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण, आणि सनईचे बलवान उपस्वर नेमके तिथवर जाऊन भिडतात. तार सप्तकात गेल्यावर तर तिसरा-चौथा उपस्वरच या पट्ट्यात येतो.

हे उपस्वर सनईच्या सगळ्या अंगातून सारखे बाहेर पडत नाहीत, आणि माईकच्या जागेचा सगळा विचार यावरच उभा आहे. स्वराचा खालचा, भरीव भाग बोटांखालच्या पहिल्या काही उघड्या छिद्रांतून बाहेर येऊन चहूकडे पसरतो. वरचे उपस्वर मात्र उघडी छिद्रे ओलांडून नळीच्या टोकापर्यंत जातात आणि पितळी प्याल्यातून झोतासारखे सरळ पुढे निघतात. म्हणून प्याल्यासमोर लावलेल्या माईकला धारच जास्त मिळते, अंग कमी. माईक अगदी छिद्रांना खेटून ठेवला तर उलटे होते: बोटांची टपटप आणि फुंकरीचा खरखराट पुढे येतो, शिवाय काही स्वर मोठे आणि काही लहान ऐकू येतात, कारण प्रत्येक स्वराला वेगळे छिद्र बोलते.

बैठकीत वाजवणाऱ्या एकट्या वादकासाठी चांगली सुरुवात अशी: माईक सनईपासून ६० ते ९० सेंटीमीटर दूर, प्याल्याच्या सरळ रेषेपासून तीस-चाळीस अंश बाजूला, वादकाच्या बोटांच्या पातळीपेक्षा थोडा वर, आणि त्याचे तोंड खालच्या हाताच्या बोटांकडे. अंतराचा आणखी एक फायदा आहे. रंगात आलेला वादक सनई उचलतो, झुलवतो. माईक ३० सेंटीमीटरवर असताना सनई १५ सेंटीमीटर पुढेमागे झाली, तर आवाजात सुमारे साडेनऊ डेसिबलचा चढउतार होतो. ९० सेंटीमीटरवर त्याच हालचालीने तो तीनच्या आसपास राहतो. वादकाला स्थिर बसायला सांगण्यापेक्षा माईक मागे घेणे केव्हाही बरे.

अंतर वाढले की खोली ऐकू येऊ लागते. उघड्या फरशीवरून परतणारा आवाज थेट आवाजात मिसळून काही उपस्वर वाढवतो, काही खातो, आणि सूर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. वादकाच्या पुढे जाड सतरंजी आणि मागच्या भिंतीला गोधड्या, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

माईक निवडताना गाण्यासाठी लोकप्रिय असलेल्या झळाळदार कंडेन्सरचा मोह टाळावा. त्यांतल्या अनेकांत वरचा पट्टा मुद्दाम उचललेला असतो. गायकाच्या आवाजाला त्याने उठाव येतो, सनईला मात्र दातेरी धार. रिबन माईकचा वरचा भाग अलगद उतरत जातो, म्हणून सनईला तो शोभतो. पुढून आणि मागून ऐकणारा हा माईक दोन्ही बाजूंना जवळजवळ बहिरा असतो. संबळ किंवा दुक्कड त्या बाजूला बसवले तर ते सनईच्या माईकमध्ये फारसे शिरत नाही. मागून येणाऱ्या आवाजासाठी मात्र मागची भिंत नीट झाकावी लागते. रिबन नसेल तर सपाट प्रतिसादाचा लहान पडद्याचा कंडेन्सर चालतो.

मुद्रणाची पातळी चोवीस बिटमध्ये ठेवून सर्वांत जोरदार तान उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल असे बघावे. पातळी फुटली की मुळात नसलेले उपस्वर तयार होतात आणि त्यांचा कर्कशपणा नंतर काढता येत नाही. फक्त जोरदार जागीच खरखर येत असेल आणि तरंगाची टोके कापल्यासारखी सपाट दिसत असतील, तर दोष पातळीचा. हळू वाजवतानाही टोचत असेल तर माईकची जागा किंवा पत्ती तपासावी. कोरडी, कडक पत्ती नेहमीच तीक्ष्ण बोलते. ती भिजून, पंधरा-वीस मिनिटे वाजून मऊ झाल्यावरच मुद्रण सुरू करावे.

एवढे करूनही धार उरली, तर बहुतेक जण ट्रेबल उतरवतात. त्याने ८००० हर्ट्झच्या वरची फुंकर आणि मोकळेपणा जातो, सूर मळकट होतो, आणि टोचणारा भाग खाली २५०० ते ४००० मध्ये तसाच राहतो. तो भाग आधी शोधावा. इक्वलायझरचा एक अरुंद पट्टा उचलून फिरवावा आणि जिथे सूर सर्वांत असह्य होईल तिथे थांबावे. मग पट्टा रुंद करून दोन-तीन डेसिबल खाली घ्यावा. टोचणे फक्त तार सप्तकात होत असेल, तर डायनॅमिक इक्वलायझर वापरावा. तो उंबरठा ओलांडल्यावरच त्या पट्ट्याला दाबतो, त्यामुळे मंद्र आणि मध्य सप्तकातला गोडवा शाबूत राहतो. सहा डेसिबल कापावे लागत असतील, तर माईक हलवून पुन्हा मुद्रण करावे.